जाळीमागून चित्रण करताना तारा गायब कशा करायच्या

माझी लेक टेनिस खेळते आणि तिच्या सामन्यांचं चित्रण मी करते. स्पर्धेत पालकांना कोर्टात प्रवेश नसतो. त्यामुळे उभं राहायचं ते मागच्या जाळीबाहेर, आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात कायम ती शंकरपाळ्यांची नक्षी. पहिल्यांदा चित्रण केलं तेव्हा भर दुपार होती. कॅमेरा पूर्ण ऑटोवर होता आणि लेन्स १३५ मिलिमीटरवर. घरी येऊन लावून बघितलं, तर चित्रावर तिरक्या करड्या पट्ट्यांची जाळी पसरलेली. लेक बघून म्हणाली, "आई, मी पिंजऱ्यात खेळतेय असं वाटतंय गं."

त्या दिवशी कॅमेऱ्याने अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ १६ वर नेलं होतं. पट्ट्या आल्या त्या त्यामुळेच. लेन्स तीच, जाळी तीच आणि उन्हाची वेळही तीच ठेवून पुढच्या आठवड्यात मी एफ ५ वर चित्रण केलं, तेव्हा पट्ट्या नव्हत्या. मधल्या काळात जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण टेनिसच्या कोर्टाचंच घेते, कारण तिथली मापं ठरलेली असतात आणि हिशेब करून दाखवता येतो.

आधी हे समजून घ्या: एफचा आकडा सोडा, मिलिमीटरमध्ये विचार करा

समोरच्या खेळाडूच्या टी-शर्टवरचा एक ठिपका धरा. त्या ठिपक्यातून निघालेला उजेड लेन्सच्या मधोमध एखाद्या बारीक रेषेसारखा शिरत नाही, तो लेन्सच्या अख्ख्या उघड्या भोकात शिरतो. म्हणजे ठिपक्यापासून लेन्सपर्यंत उजेडाचा एक लांबलचक शंकू तयार होतो. टोक खेळाडूकडे आणि रुंद बाजू आपल्याकडे. जाळी लेन्सच्या अगदी जवळ असेल तर ती या शंकूला त्याच्या रुंद बाजूला छेदते. तिथे शंकूची रुंदी जवळजवळ अपर्चरच्या व्यासाएवढीच असते.

आता या रुंद शंकूत एक तार आली तर काय होईल? ती शंकूतली एक पातळ फाक अडवेल. बाकीचा उजेड तिच्या दोन्ही बाजूंनी आत येईल आणि सेन्सरवर त्याच ठिपक्याच्या जागी एकत्र होईल. ठिपका दिसेल, फक्त किंचित अंधुक. तारेची आकृती उमटत नाही, तिने थोडा उजेड खाल्लेला असतो एवढंच. पण शंकू तारेच्या जाडीइतकाच बारीक असेल तर ती जवळजवळ सगळा उजेड अडवते, आणि मग चित्रात काळी किंवा करडी पट्टी येते.

म्हणून आपल्याला हवा असतो अपर्चरचा खरा व्यास, आणि तो काढायला सोपा आहे: फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या १३५ सारख्या मिलिमीटरच्या आकड्याला, एफच्या आकड्याने भागा. १३५ मिलिमीटरवर एफ ५ म्हणजे २७ मिलिमीटर. तीच लेन्स एफ १६ वर म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर.

हा आकडा जाळीच्या दोन मापांशी ताडून बघायचा. आपल्याकडे मैदानांना लावतात ती चेन लिंक जाळी बहुतेक वेळा दोन इंची असते, म्हणजे समांतर तारांमध्ये साधारण ५० मिलिमीटर अंतर. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे अडीचच्या जरासं वर. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात असू द्या. पट्टी घेऊन एकदा आपल्या मैदानाची जाळी मोजून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

तार १० गेजची आणि ती शंकूच्या बरोबर मधोमध आली असं धरलं, तर २७ मिलिमीटरच्या शंकूतला साधारण १५ टक्के उजेड अडतो. एवढा फरक हलत्या चित्रात सहसा लक्षात येत नाही. साडेआठ मिलिमीटरच्या शंकूतला मात्र जवळपास निम्मा उजेड अडतो. माझ्या पहिल्या चित्रणातल्या पट्ट्या आल्या त्या अशा.

घरी एकदा करून बघा

मैदानावर जाण्याआधी हा प्रयोग घरीच करा. कॅमेरा व्हिडिओ मोडमध्ये टेबलावर ठेवा आणि लेन्स जास्तीत जास्त लांब करा. खिडकीतून पंचवीस-तीस मीटरवरच्या एखाद्या झाडावर किंवा इमारतीवर फोकस करा आणि फोकस हाताने पक्का करून टाका. मग एक पेन्सिल काचेसमोर दोन-तीन सेंटिमीटरवर आडवी धरून वर-खाली हलवा. अपर्चर पूर्ण उघडं असेल तर चित्र नुसतं किंचित मंद झाल्यासारखं वाटेल. आता अपर्चर एफ २२ वर न्या आणि पेन्सिल पुन्हा तशीच हलवा. आता चित्रावरून एक जाड सावली सरकताना स्पष्ट दिसेल. पेन्सिल जाळीच्या तारेपेक्षा दुपटीने जाड असते. उघड्या अपर्चरला ती पुसली जात असेल, तर तार नक्की पुसली जाईल.

जाळीजवळ उभं कसं राहायचं

टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शिफारशीप्रमाणे बेसलाइनमागे जाळीपर्यंत ६.४० मीटर जागा सोडतात. म्हणजे मागच्या जाळीला टेकून उभं राहिलं की पलीकडची बेसलाइन आपल्यापासून तीस मीटरच्या जरासं पुढे. १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर, नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात, तिथे सव्वापाच मीटर रुंदीची चौकट मिळते. सर्व्हिस करणारी खेळाडू रॅकेटसकट त्यात आरामात बसते. पलीकडच्या खेळाडूसाठी मी हेच माप धरते.

पहिलं काम म्हणजे लेन्सचं हूड काढून ठेवा. हुडामुळे काच जाळीपासून पाच-सहा सेंटिमीटर मागे राहते आणि सगळा खेळ त्याच सेंटिमीटरांचा आहे. काच जाळीला जवळजवळ टेकेल इतकी पुढे आणा, पण जाळीवर दाबून धरू नका. जाळीवर बॉल आपटला की ती थरथरते आणि तो हादरा थेट चित्रात येतो. शिवाय कॅमेऱ्याच्या माइकमध्ये तारांचा खणखणाट भरतो. बोटभर फट ठेवली की पुरे.

आता काच जाळीच्या भोकाच्या मध्यावर आणायची. लेन्सचं तोंड भोकापेक्षा मोठं दिसत असतं, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हे जमणारच नाही. पण धातूची कडा तारांच्या मागे गेली तरी चालतं. उजेडाची वाट फक्त २७ मिलिमीटरची आहे आणि भोकातली मोकळी जागा ४७ मिलिमीटरची. चौकटीच्या कडेचे ठिपके थोडे तिरके येतात, त्यामुळे वाट जराशी फैलावते. काच जाळीजवळ असेल तर तरीही ती भोकात मावते. म्हणजे नेमकं बसवलं तर एकही तार वाटेत येत नाही. आणि थोडं चुकून एखादी तार आलीच, तर ती वर सांगितल्याप्रमाणे पुसली जाते. मला ही पद्धत आवडते ती या दुहेरी संरक्षणामुळे.

मध्य शोधायची एक युक्ती आहे. अपर्चर मुद्दाम एफ १६ किंवा एफ २२ वर न्या. तारा लगेच स्क्रीनवर सावल्यांसारख्या उमटतील. मग कॅमेरा एकेक सेंटिमीटर सरकवत अशा जागी आणा की त्या सावल्या चौकटीतून चारही बाजूंना बाहेर जातील. आता कॅमेरा न हलवता अपर्चर पूर्ण उघडा. नुसत्या डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं आहे. कॅमेरा व्हिडिओ मोडमध्ये ठेवूनच करा, म्हणजे स्क्रीनवर खरं अपर्चर दिसतं. नुसत्या फोटोच्या मोडमध्ये बरेच कॅमेरे फोटो काढायच्या क्षणापर्यंत अपर्चर उघडंच ठेवतात.

अपर्चर उघडं ठेवायचं, मग उजेडाचं काय?

भर उन्हात ऑटोवरचा कॅमेरा शटर सेकंदाच्या १/५० च्या आसपास धरून ठेवतो आणि जास्तीचा उजेड अपर्चर बंद करून थोपवतो. म्हणून ऑटोवर जाळीमागून चित्रण करूच नका. कॅमेरा मॅन्युअलवर घ्या, अपर्चर सर्वांत उघडं ठेवा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १००. स्वच्छ उन्हात एफ ५ ला शटर साधारण १/१००० वर येतं.

इथे दोन मतं आहेत. सिनेमासारखी हालचाल हवी असेल तर १/५० हवं, आणि त्यासाठी लेन्सवर एनडी १६ फिल्टर लावावा लागतो. तो सोळा पट उजेड कमी करतो आणि १/१००० चं १/६० होतं. पण खेळाडूचा फटका तपासायचा असेल तर मी फिल्टर लावत नाही. १/१००० वर रॅकेटचा चेहरा कुठे वळला, बॉल तारांवर कुठे लागला हे एकेक फ्रेम थांबवून बघता येतं. १/५० वर तिथे नुसता पांढरा फराटा असतो. तुमचं चित्रण कशासाठी आहे ते आधी ठरवा, फिल्टर विकत घ्यायचा की नाही ते मग.

स्वस्त झूम लेन्सची एक अडचण सांगते. त्यात झूम केलं की सर्वांत उघडं अपर्चरही बदलतं, ५५ ला एफ ४, २५० ला एफ ५.६ असं. आकडा वाढला म्हणून घाबरू नका, भागाकार करा. ५५ ला एफ ४ म्हणजे चौदा मिलिमीटर आणि २५० ला एफ ५.६ म्हणजे ४५. आकडा वाईट दिसला तरी जाळीसाठी लांब टोकच चांगलं.

तार गेली, पण चित्र पांढुरकं झालं

बऱ्याच जणांचं गाडं इथे अडतं. पट्ट्या नाहीत, तरी चित्रावर दुधाचा हात फिरवल्यासारखा एक थर दिसतो. काळा रंग काळा येत नाही, कोर्टाचा निळा-हिरवा रंग फिका पडतो.

कारण असं की तार नुसता उजेड अडवत नाही, ती स्वतः चमकतेही. जस्ताचा मुलामा दिलेली नवीन तार उन्हात लखलखते. पुसली गेलेली तार चित्रभर पसरलेली असते, आणि तिच्यावर ऊन पडलेलं असेल तर तो उजेडही चित्रभर पसरतो. तारेने १५ टक्के जागा व्यापली असेल आणि ती पाठीमागच्या दृश्यापेक्षा चौपट उजळ असेल, तर चित्रातला बराचसा उजेड खेळाडूऐवजी तारेचा असतो.

उपाय म्हणजे सावली. लेन्ससमोरच्या चार तारांवर ऊन पडता कामा नये. एवढ्या हातभर जागेवर आपल्या शरीराची, टोपीची किंवा काळ्या कापडाची सावली पाडा. टेनिस कोर्टं शक्यतो उत्तर-दक्षिण बांधतात, त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्यात दोन टोकांना दोन वेगळी परिस्थिती असते. दक्षिणेकडच्या जाळीबाहेर उभं राहिलं तर सूर्य पाठीशी असतो, खेळाडूचा चेहरा छान उजळतो, पण तारांच्या आपल्या बाजूवरही ऊन पडतं. तिथे आपलीच सावली कामाला येते. फक्त ती नेमकी लेन्ससमोरच्या तारांवर पडतेय ना, हे बघून उभं राहायचं. उत्तरेकडून चित्रण केलं तर तारांची आपल्याकडची बाजू सावलीत राहते, पण सूर्य समोर असल्याने खेळाडू अंधारात जाते. मी दक्षिणेची जाळी निवडते.

मैदानाच्या माणसांची परवानगी असेल तर त्या चार तारांवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि जाताना काढून न्या. दुसऱ्याच्या जाळीला रंग मात्र फासू नका. काही ठिकाणी हिरवं किंवा काळं प्लास्टिक चढवलेली तार असते. काळी असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. रात्रीच्या सामन्यात दिवे कोर्टाच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे तारांची आपल्याकडची बाजू आपोआप अंधारात राहते. तेव्हा हा त्रास जवळजवळ नसतोच.

थोडासा थर राहिलाच तर एडिटिंगमध्ये काळेपणा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून तो काढता येतो, कारण तो चित्रभर सारखा असतो. पट्ट्यांचं तसं नाही. त्या कॅमेरा फिरला की चित्रावरून सरकतात आणि एडिटिंगमध्ये त्या काढणं फार किचकट होतं. म्हणून कष्ट घ्यायचे ते मैदानावरच.

फोकस तारेवर जाऊ देऊ नका

ऑटोफोकसला जवळची, ठळक कडा असलेली वस्तू आवडते, आणि लेन्ससमोर जाळीएवढं दुसरं काही ठळक नसतं. फोकस एकदा तारेकडे उडी मारून परत आला तरी मधले दोन-तीन सेकंद वाया जातात, आणि नेमका तेव्हाच मॅच पॉइंट असतो. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असेल तर ते लांबच्या बाजूला सरकवा. म्हणजे लेन्स जवळ शोधायला जाणारच नाही. ते नसेल तर पलीकडच्या बेसलाइनच्या पांढऱ्या रेषेवर फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका. तीस मीटरवर, १३५ मिलिमीटर एफ ५ ला, खेळाडू एक-दोन मीटर मागे-पुढे झाली तरी ती स्पष्टच राहते. नेटवर धावत आली तर मात्र फोकसची कडी फिरवावी लागते. कडीवर बेसलाइनची आणि नेटची जागा पांढऱ्या टेपच्या बारीक तुकड्याने खूण करून ठेवली की हात न बघता तिथे जातो. काही नव्या लेन्सच्या कडीला अशा पक्क्या जागा नसतात. तिथे ही खूण उपयोगाची नाही.

कॅमेरा फिरवताना पट्ट्या का परत येतात

स्थिर चित्रात सगळं जमलं, आणि खेळाडूमागे कॅमेरा फिरवायला लागलं की पट्ट्या हजर. हे माझ्या लक्षात यायला सर्वांत जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिवई म्हणजे ट्रायपॉड कॅमेऱ्याच्या तळाला जोडलेली असते. कॅमेरा फिरतो तो तिथल्या खिळीभोवती. लेन्सचं तोंड त्या खिळीच्या वीसेक सेंटिमीटर पुढे. खेळाडू चार मीटर डावीकडे गेली तर तीस मीटरवरून कॅमेरा साडेसात अंश वळवावा लागतो. एवढ्याशा वळण्याने लेन्सचं तोंड अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त बाजूला सरकतं. भोकाच्या मध्यापासून तार तेवढीच लांब! म्हणजे खेळाडू कोपऱ्यात पोचेपर्यंत तार लेन्सच्या वाटेत आलेली असते. फोटोत हे खपून गेलं असतं. व्हिडिओत मात्र चित्रावरून फिकट सावली सरकत जाते, आणि हलणारी फिकट गोष्ट डोळा लगेच पकडतो.

यावर उत्तर एकच: कॅमेरा लेन्सच्या तोंडाभोवती फिरला पाहिजे. हातात धरून चित्रण करत असाल तर डाव्या हाताची बोटं लेन्सच्या पुढच्या कडेखाली ठेवा, तो हात भोकासमोर स्थिर ठेवा आणि कॅमेऱ्याचं बूड उजव्या हाताने हलवा. नौकेचं सुकाणू मागून फिरवतात, तसं. ट्रायपॉड वापरत असाल तर लांब सरकपट्टी लावून कॅमेरा इतका मागे घ्या की लेन्सचं तोंड खिळीच्या बरोबर वर येईल. वजन मागे जातं, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय मागच्या बाजूला करा. मी स्वतः एका पायाचा स्टँड वापरते आणि तो तिरका धरून लेन्सच्या पुढच्या टोकाखाली टेकवते. शंभर टक्के नेमकं जमत नाही, पण सरकणं सेंटिमीटरच्या आत राहतं आणि तेवढं उघडं अपर्चर पोटात घेतं.

अख्खं कोर्ट हवं असेल तर मोठा कॅमेरा बाजूला ठेवा

प्रशिक्षकांना बऱ्याचदा दोन्ही खेळाडू आणि अख्खं कोर्ट एका चौकटीत हवं असतं. त्याला रुंद लेन्स लागते आणि रुंद लेन्सचा हिशेब उलटा आहे. १४ मिलिमीटर एफ ३.५ म्हणजे व्यास फक्त चार मिलिमीटर. एवढ्या भोकासमोर सव्वातीन मिलिमीटरची तार आली तर ती पुसली जाणं शक्यच नाही. मग उरतो एकच मार्ग: तार वाटेत येऊच द्यायची नाही. पण रुंद लेन्स भलत्या तिरक्या कोनातूनही बघते, त्यामुळे तिचा डोळा जाळीच्या अगदी पातळीत हवा. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स दोन इंची भोकात शिरत नाही. तिचा डोळा मागे राहतो आणि तारा चौकटीच्या कोपऱ्यांत येतातच.

मोबाइलला हे सहज जमतं. त्याची लेन्स शर्टाच्या बटणाएवढी, आणि मोबाइल जाळीला सपाट टेकवला की ती जाळीपासून काही मिलिमीटरवर येते. पन्नास मिलिमीटरच्या भोकातून तिला तार दिसतच नाही. हूक असलेले मोबाइलचे धारक मिळतात, ते थेट जाळीत अडकवता येतात. लोखंडी खांबाच्या जवळची जागा निवडा, तिथे जाळी ताणलेली असते आणि कमी हलते.

दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलला दोन-तीन लेन्सेस असतात आणि त्यातली कुठली चालू आहे हे बाहेरून कळत नाही. एकेका लेन्सवर बोट ठेवून बघा. स्क्रीन काळी झाली ती चालू लेन्स, आणि तीच भोकाच्या मध्यावर हवी. अंधार पडला की काही मोबाइल लांबची लेन्स न सांगता बंद करतात आणि मुख्य लेन्सचंच चित्र मोठं करून दाखवतात. तेव्हा संध्याकाळच्या सामन्यात बोटाची परीक्षा पुन्हा करा. दुसरं म्हणजे, कोर्टावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. नाहीतर ढग आला की चित्र उजळ-मंद होत राहतं.

जिथे हे जमत नाही

खेळाडू बॉल उचलायला आपल्या जाळीशी आली की तारा दिसणारच. उजेडाच्या शंकूचं टोक तेव्हा जाळीपाशीच असतं, आणि तिथे तो तारेपेक्षाही बारीक असतो. तेवढा भाग कापून टाका.

प्राणिसंग्रहालयात आणखी एक अडचण असते. तिथे कठडा आपल्याला जाळीपासून मीटर-दीड मीटर लांब ठेवतो, आणि तो ओलांडायचा नाही. तेव्हा भोकात लेन्स ठेवण्याचा मार्ग बंद होतो आणि फक्त मोठा व्यास उरतो. ३०० मिलिमीटर एफ ५.६ चे ५४ मिलिमीटर तिथे कामाला येतात. पण प्राणी जाळीपासून बराच आत गेला असेल तरच. तो जाळीजवळ येरझाऱ्या घालत असेल तर थांबा.

बारीक भोकांची वेल्डेड जाळी, कोर्टाला बांधलेलं हिरवं शेडनेट, यांच्या मागून प्रयत्नच करू नका. त्यांच्यात मोकळी जागाच कमी असते. शेडनेटला सहसा शिवणीशी किंवा खांबाजवळ फट असते, तिथली जागा धरा.

पाठीमागे लांब चमकते दिवे असतील तर ते फोकसबाहेर गोल फुगतात आणि त्या गोलांत तारेची काळी रेघ उमटते. खेळाडू स्वच्छ आणि मागच्या दिव्यांत रेघा दिसल्या, की लेन्ससमोर अजून तार आहे असं समजायचं. कॅमेरा एक-दोन सेंटिमीटर सरकवा, रेघा जातील. पलीकडची जाळीही चित्रात दिसेल. ती खेळाडूच्या सहा-सात मीटर मागे असते, त्यामुळे थोडी मऊ पडते पण जात नाही. तिला काही उपाय नाही आणि तिचा कुणाला त्रासही होत नाही.

एका सामन्याचा क्रम

पोचल्यावर मी आधी दक्षिणेच्या जाळीत खांबाजवळ मोबाइल अडकवते, बोटाने लेन्स तपासते, लॉक करते आणि सोडून देते. त्यात अख्खं कोर्ट येतं. मग दोन हातांवर कॅमेरा लावते: हूड काढून, मॅन्युअल, एफ ५, १/१०००. एफ १६ वर नेऊन मध्य शोधते, परत उघडते, बेसलाइनवर फोकस. तारांवर सावली आहे ना ते बघते.

टेनिसमध्ये पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर बाजू बदलतात. लेक माझ्या बाजूला आली की ती माझ्यापासून पाच मीटरवर असते. तिथे १३५ मिलिमीटरमध्ये तिचं अर्धं अंगही मावत नाही आणि ५५ वर न्यावं तर व्यास चौदावर येतो. तेव्हा तेवढे दोन गेम मोबाइलवर सोडते. कॅमेरा पलीकडच्या मुलीवर ठेवायचा झाला तर आधी तिच्या पालकांना विचारते. नाहीतर कॅमेरा बंद करून सूर्य किती सरकला आणि माझी सावली अजून त्याच चार तारांवर पडतेय का, ते बघून घेते. तासाभरात सावली हातभर सरकलेली असते, आणि मग नवीन भोक निवडून एफ १६ पासून सगळं पुन्हा.